फेस्टच्या पानावरचे तीन ‘पाहिले’

आमच्या कॉलेजात वेबसाइटसुद्धा कागदावर मंजूर होते. पानाची रंगीत प्रिंट काढायची, ती फाइलला लावायची, फाइल टेबलाटेबलावरून फिरवायची आणि प्रत्येकाने कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही ठोकायची. मी ऑफिसात वीस वर्षं क्लार्क आहे. झोपेतून उठवलं तरी मी ‘पाहिले’ बिनचूक लिहीन, आणि समोर काय आहे ते बघणारही नाही.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, कॉम्प्युटर लॅबमधल्या ताईंबद्दल. पोरं त्यांना मागून ‘सेमीकोलन’ म्हणतात. प्रॅक्टिकलला एखाद्याचा प्रोग्राम तासभर चालत नसला की ताई पाठीमागून जाता जाता थांबतात, स्क्रीनवर बोट ठेवतात, ‘इथे सेमीकोलन राहिलाय’ म्हणतात आणि पुढे जातात. त्या शिकलेल्या कॉमर्स. अकरा वर्षांपूर्वी आल्या त्या हजेरीचं रजिस्टर सांभाळायला आणि कीबोर्ड पुसायला. मागच्या बाकावर बसून, पोरांना शिकवलेलं ऐकून ऐकून सगळं उचललं. आज मोठ्या पदवीवाल्यांचा प्रोजेक्टर अडला की हाक यांनाच. पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण स्क्रू-ड्रायव्हर असतोच. आणि नेमणुकीची ऑर्डर? अजून दरवर्षी नवीन. अकरा वर्षं कंत्राटावर. सासूबाई दर जूनमध्ये विचारतात, ‘यंदा तरी पर्मनंट का?’ आणि ताई भाजी चिरत ‘बघू’ म्हणतात. मला हे सगळं माहीत आहे, कारण दर जूनमध्ये ती ऑर्डर मीच टाईप करतो.

फेस्टचं पान गेली सहा वर्षं ताईच करतात. एकच पान. वर कार्यक्रमांचं वेळापत्रक, मध्ये नोंदणीचा फॉर्म, खाली प्रायोजकांचे लोगो. दिसायला अगदी साधं. पण त्यांची एक खोड आहे. पान तयार झालं की त्या मॉनिटर बंद करतात, कानाला हेडफोन लावतात आणि नुसत्या कीबोर्डवर अख्खा फॉर्म भरून बघतात. ‘डोळे झाकून भरता आला तर खरा,’ असं त्यांचं म्हणणं. मला आधी ते चाळे वाटायचे.

ही खोड लागली ती वकिलीणबाईंमुळे. म्हणजे खऱ्या वकील नव्हेत, शेवटच्या वर्षाची मुलगी. प्रत्येक गोष्टीवर भांडते म्हणून हे नाव. तिला जन्मापासून दिसत नाही. फोन तिला स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, त्यावर ती सराईतपणे कामं करते. पहिल्या वर्षी तिला वादविवादात भाग घ्यायचा होता. कुणा भल्या माणसाने ‘तू कशाला त्रास घेतेस, मी भरतो’ म्हणून तिचा फॉर्म भरला आणि नाव घातलं गायनात. दुसऱ्या वर्षी ऑफिसात तोंडी सांगून गेली, तरी गायनातच. आंधळी मुलगी म्हणजे गाणारच, अशी सगळ्यांची ठाम समजूत! ‘मला गाता येत नाही हो काका,’ ती मला म्हणाली होती, ‘माझा घसा फक्त भांडायला आहे.’ त्या दुसऱ्या वर्षी नाव कुणी लिहून घेतलं होतं हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

म्हणून यंदा तिची एकच अट होती: फॉर्म मी माझ्या हाताने भरणार. शेवटचं वर्ष, शेवटची संधी. ताईंनी पान त्या बेताने बांधलं. वेळापत्रक खरा तक्ता म्हणून, म्हणजे फोन वार आणि वेळ ओळीने वाचेल. फॉर्मच्या प्रत्येक चौकटीला नाव. काही चुकलं तर नुसती लाल रेघ नाही, ‘फोन नंबर दहा आकडी हवा’ असं शब्दांत लिहिलेलं. नोंदणी गुरुवारी पाच वाजता आपोआप बंद, आणि परीक्षकांना यादी जाणार ती त्याच नोंदणीतून.

मग उगवले मुख्य प्रायोजक. गाद्यांचं दुकान. त्यांचा मार्केटिंगवाला म्हणाला, पान आमचा डिझायनर करेल, हे तुमचं सरकारी फॉर्मसारखं दिसतंय. फेस्ट समितीचे सर तर गादीवरच पडायला आले होते, लगेच हो म्हणाले. डिझायनरने काय केलं? अख्खं वेळापत्रक एका चित्रात रंगवलं. चित्राच्या मधोमध ‘नोंदणी करा’ असं झगझगीत बटण, तेही रंगवलेलंच. खरा फॉर्म अकरा लोगोंच्या खाली तळाला गाडलेला, आणि त्याच्या चौकटींची नावं मागच्या चित्रात रंगवलेली. लोगोंना मात्र मार्केटिंगवाल्याने एकेक करून लेखी वर्णन घालून घेतलं होतं, घोषवाक्यासकट. तसं केलं की नेटवर शोधणाऱ्याला दुकान वर दिसतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

ताईंनी लेखी दिलं: हे चित्र आहे, पान नव्हे, फोन हे वाचणार नाही, आणि ते बटण दाबलं जाणार नाही. समितीच्या सरांनी त्यावर उत्तर म्हणून पानाची प्रिंट काढली. कागदावर सांगा ना, खरं बटण आणि रंगवलेलं बटण, फरक काय दिसणार? प्रिन्सिपॉलांनी लिहिलं, पाहिले. समितीच्या सरांनी लिहिलं, पाहिले. तिसरं ‘पाहिले’ माझं. पान मी उघडलंसुद्धा नाही. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. हुकूम निघाला आणि सोमवारी ताईंना ते स्वतःच्या हाताने चढवावं लागलं.

मंगळवारपासून पोरं माझ्या खिडकीत. ‘काका, बटण दाबलं जात नाही.’ मी सांगायचो, ‘नेट स्लो असेल, परत दाब.’ तीन दिवस मी पोरांना चित्र दाबायला लावत होतो! गेल्या वर्षी या वेळेला शंभराच्या वर नावं आली होती. यंदा गुरुवारी दुपारपर्यंत एकोणीस.

गुरुवारी तीन वाजता वकिलीणबाई लॅबमध्ये आली. मी तिथे प्रिंटरचा कागद मागायला गेलो होतो. तिने फोन टेबलावर आपटलाच.

“ताई, हे ऐका.”

फोन बोलायला लागला, वेळापत्रकाच्या जागी नुसतं चित्राच्या फाइलचं नाव: “इमेज. फायनल फायनल तीन.” मग खणखणीत आवाजात: “पाठ टेकवा, जग विसरा. गाद्यांचं एकमेव दालन.” मग कोचिंग क्लास, मग मोबाइलचं दुकान, अकराच्या अकरा घोषवाक्यं. मग: “एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स.”

“कुठल्या डब्यात काय घालू मी?” ती म्हणाली. “पाच वेळा भरला. नुसता गप्प बसतो. काय चुकलं तेही सांगत नाही.”

ताईंनी बघितलं. चुकलेल्या चौकटीला नुसती लाल कड येत होती.

ताई सरळ प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये. मी मागे. समितीचे सर तिथेच चहा घेत होते.

“सर, जुनं पान परत चढवायची परवानगी द्या. दोन तास उरलेत.”

“अहो ताई, एका मुलीसाठी?” समितीचे सर म्हणाले. “नाव सांगा तिचं, मी हाताने घालतो.”

“कशात घालाल?” ताईंनी विचारलं.

“गायनातच ना?”

मला वाटलं ताई तो कप उचलून भिंतीवर मारतील. प्रिन्सिपॉल म्हणाले, “पान मंजूर झालंय. फाइलवर आहे. बदलायचं तर प्रायोजकांशी बोलावं लागेल. सोमवारी बघू.” सोमवारी! नोंदणी आज पाचला बंद, शनिवारी फेस्ट, आणि हे सोमवारी बघणार. मला तोंड होतं. प्रिंटवर सही माझीही होती. मी कागदाचं रीम छातीशी धरून उभा राहिलो.

ताई बाहेर आल्या, लॅबमध्ये गेल्या, चपला दाराशी काढल्या आणि बसल्या. आपलं जुनं फोल्डर उघडून अकराही लोगो त्यात नीट बसवले, घोषवाक्यांसकट. उगाच कुणी म्हणायला नको की आमचं दुकान काढलं. मॉनिटर बंद केला, हेडफोन लावून एकदा तपासलं. चार चाळीसला पान चढवलं. वर्गांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: फेस्टचं पान दुरुस्त झालंय. मग वकिलीणबाईला म्हणाल्या, “पान पुन्हा लोड कर, फोनने जुनंच धरून ठेवलं असेल. आणि आता मी बघत नाही तुझ्याकडे.” खरंच पाठ फिरवून बसल्या.

फोन वाचत गेला. नाव. वर्ग. फोन नंबर. मुलीने कुठेतरी एक आकडा खाल्ला, फोनने तसं सांगितलं, तिने दुरुस्त केलं. “स्पर्धा निवडा.” तिने वादविवाद निवडलं. “तुमची नोंदणी झाली आहे.” तिने ते वाक्य परत परत तीनदा वाचून घेतलं आणि मग ताईंच्या पाठीवर अशी थाप मारली की त्या पुढे वाकल्या. पाच वाजेपर्यंत आणखी सव्वीस नावं आली. डोळे धडधाकट असलेल्या सव्वीस जणांची.

शनिवारी ती बोलली. मी मागे उभा राहून ऐकलं. समोरच्या संघाला तिने असं काही सोलून काढलं की टाळ्या वाजवायच्या की त्यांची दया करायची ते कळेना.

गाद्यांच्या दुकानाची तक्रारच नव्हती. त्यांचा लोगो जागेवर होता. तक्रार होती समितीच्या सरांची. सोमवारी सकाळी प्रिन्सिपॉलांनी मला आत बोलावून सांगितलं: मेमो काढा. ‘मंजूर पानात विनापरवानगी बदल’. वेबसाइटचं काम काढून घेतलं, आणि पुढच्या ऑर्डरचा विषय ‘विचाराधीन’. मी म्हणू शकलो असतो, सर, त्या प्रिंटवर खोटं मी लिहिलंय. नुसती चार पावलं पुढे जाऊन म्हणायचं होतं. मी “हो सर” म्हणालो आणि मेमो टाईप केला.

ताईंनी तो माझ्या टेबलापाशी उभ्यानेच वाचला, पोच दिली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या.

दुपारी वकिलीणबाई काठी टेकत खिडकीत आली. तिच्या हातात वादविवादाचं प्रशस्तिपत्र होतं, ताईंना दाखवायला आणलेलं.

“काका, लॅबला कुलूप आहे. पोरं म्हणतात ताईंना मेमो मिळाला. खरं आहे?”

“हो.”

“कुणी काढला?”

“ऑफिसने.”

“ऑफिस म्हणजे कोण?”

ती खिडकीत तशीच उभी, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून. दुसऱ्या वर्षीसुद्धा ती इथेच, अशीच उभी होती.

“मी,” मी म्हणालो. “मेमोही मीच टाईप केला, पान न बघता प्रिंटवर ‘पाहिले’ही मीच लिहिलं, आणि त्या वर्षी तुझं नाव गायनात घालणाराही मीच.”

तिने काठी खिडकीला टेकवली आणि हात पुढे केला. मग म्हणाली, “लेखी द्या. ताईंच्या फाइलला लावायला.”