निवळायला ठेवलेला ग्लास

पाणीमावशीला आमच्या पाळणाघरातली मुलं घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मीही थोडी घाबरायचे. ती पाणीखात्यात तपासनीस होती. नळाची तक्रार गेली की खांद्याला पिशवी अडकवून ही बाई यायची, आणि आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात स्वतःच्या घरासारखी वावरायची. ओट्यावरची भांडी सरकवायची, पडदा ओढायची, आणि कुणी आपण होऊन भरून आणलेला ग्लास हातात दिला, तर तो तसाच मोरीत ओतायची. "तुमचा ग्लास, तुमचा हात, तुमचा साबण. यात नळाचं काय कळणार मला?" असं वर ऐकवायची. पिशवीत तिचे स्वतःचे दोन काचेचे ग्लास असायचे, एका काळ्या शालीच्या तुकड्यात गुंडाळलेले. तो तुकडा मागे उभा धरल्याशिवाय ती पाण्याकडे बघायचीही नाही.

आणि बोलकी तरी किती! ग्लास ठेवला की तो निवळेपर्यंत ती समोरच्याला बोलायला लावायची. कोण कुठे कामाला, सासू कशी, धाकट्याला दात आले का, हे सगळं. पहिल्यांदा मला वाटलं, बाईला लोकांच्या चांभारचौकशा करायची हौस आहे. ती होतीच. पण त्यामागे कारणही होतं. लोकांना धीर नसतो, ती म्हणायची; ग्लास उचलतात, हलवतात, फुंकतात. तोंड चालू असलं की हात गप्प राहतात.

तिची माझी ओळख झाली ती एका खोदकामामुळे. आमच्या फाटकासमोरची मोठी पाइपलाइन फुटली, रस्ता खणला, दुरुस्ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी अंगणातल्या नळाला पाणी आलं ते पांढरंफेक. दुधात पाणी घालतात हे माहीत होतं, पाण्यात दूध घातलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पाळणाघर आमच्या तळमजल्यावरच. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या आयांनी ते बघितलं आणि व्हायचा तो गोंधळ झाला. चिमणीची आई सगळ्यांत पुढे. ही चिमणी म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत लहान, आणि तिची आई म्हणजे सगळ्या पालकांची पुढारी. तिने माझ्या चहाच्या भांड्याचा तळ सगळ्यांना दाखवला. त्यावर पांढरी खपली होती. "हे बघा! हेच आपल्या पोरांच्या पोटात जातंय!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, संध्याकाळपर्यंत काय ते नक्की सांगा. नाहीतर उद्यापासून आम्ही मुलांची दुसरीकडे सोय बघतो."

ती नुसती बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. ती गेली की बाकीच्या तिच्या मागे जाणार, हे मला दिसत होतं. नवरा गेल्यावर मी हे पाळणाघर उभं केलं, माझं आणि सासऱ्यांचं घर त्यावर चालायचं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तिचं म्हणणं खरं निघालं तर? मी पाणीखात्यात फोन लावला आणि जवळजवळ रडतच तक्रार सांगितली.

पाणीमावशी आली ती दुपारी. मुलं झोपली होती. जेवणघरातल्या बुटक्या टेबलावर त्यांचे पेले पाणी भरून ओळीने मांडलेले होते, झोपून उठली की सगळी आधी पाणीच मागतात म्हणून. माझे सासरे, ज्यांना आख्खी गल्ली नाना म्हणते, ते स्वागताला दारातच उभे. त्यांनी ग्लास भरून तयार ठेवला होता. तो अर्थातच मोरीत गेला.

तिने अंगणातला नळ सोडला, थोडं पाणी वाहू दिलं, आपला ग्लास भरला आणि खिडकीत ठेवला. मागे काळा तुकडा. "आता हात लावायचा नाही. बोला, नाना. तब्येत कशी?"

नानांना एवढंच हवं होतं. ते गुडघ्यांपासून सुरू झाले. माझं लक्ष मात्र ग्लासावर. आणि बघता बघता तळाशी एक स्वच्छ पट्टी दिसली. ती वर वर चढत गेली, पांढरेपणा तिच्या वर वर सरकत गेला, शेवटी काठाशी थोडासा उरला आणि तोही गेला. ग्लासात नुसतं पाणी.

"हवा," ती म्हणाली. "दुरुस्तीसाठी पाइप रिकामा केला, त्यात हवा शिरली. दाबाखाली ती पाण्यात मुरते. नळातून बाहेर आली की दाब सुटतो, मग तिचे बारीक बारीक बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यासारखं. बुडबुडे वर जातात, म्हणून पाणी खालून निवळतं. गाळ असता तर तो खाली बसला असता आणि पाणी वरून निवळलं असतं."

"आणि ही खपली?" मी भांडं पुढे केलं.

"ते क्षार. चुन्यासारखे. पण विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत हो, ते उकळल्यावर बाहेर पडतात आणि तळाला धरतात. नळाचं पाणी त्यांनी असं पांढरं होत नाही. भांडं घासायचा त्रास, पोटाला काही नाही." मग तिने ग्लासात एक बारीक गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. "आणि हे क्लोरीन. जंतू मारायचं औषध. ते शेवटपर्यंत पोचलंय म्हणजे लाइन ठीक आहे. नुसत्या स्वच्छ दिसण्यावर मी कधी जात नाही. जंतू काही पांढरे कपडे घालून येत नाहीत."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसले. नानांनी तर चहाचं आधण ठेवायला पावलं उचलली. जाता जाता मोठ्या ऐटीत म्हणाले, "मला ठाऊकच होतं. तरी मी काळजी म्हणून आज मुलांचं पाणी आतल्या नळाचं भरलं. टाकीतलं. ते कसं, निवळलेलं असतं."

ती ग्लास शालीत गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"कुठल्या टाकीतलं?"

"आपली जमिनीखालची. फाटकाशी आहे ती. पंपाने वर चढवतो. एरवी आंघोळीला, भांड्यांना वापरतो."

"फाटकाशी? म्हणजे जिथे खणलं, तिथेच?"

चहा राहिला बाजूला. ती तरातरा आत गेली, दुसरा ग्लास स्वयंपाकघराच्या नळाखाली धरला आणि खिडकीत आणून ठेवला. मला तर ते पाणी चांगलंच वाटलं. सकाळच्या पांढऱ्या पाण्यापुढे ते कुणालाही चांगलंच वाटलं असतं. पण काळ्या तुकड्यापुढे ते किंचित धूसर दिसत होतं, चष्म्याची काच पुसायची राहिल्यासारखं. आम्ही थांबलो. या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही, आणि नानाही बोलले नाहीत.

धूसरपणा हलला नाही. खालून नाही, वरून नाही. "हवा असती तर वर गेली असती, जड गाळ असता तर खाली बसला असता. हे कुठेच जात नाहीये," ती म्हणाली. गोळी टाकली. रंग आला नाही. "टाकीत साठवलं की क्लोरीन थोडं उतरतं. पण रोज नवं पाणी पडतंय तरी काहीच नाही? पाण्यातली कसली तरी घाण खातेय ते." मग ती एका बाटलीत ते पाणी घेऊन खळखळून हलवू लागली. वर फेस आला, आणि तो बसेना.

"साबण," ती म्हणाली. "तुमच्या धुण्याच्या मोरीचं पाणी टाकीत उतरतंय."

तेवढ्यात आतून चिमणीचा आवाज आला. "पाणी!"

मी त्या टेबलाकडे कशी पोचले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पाणीमावशी माझ्याआधी पोचली होती. अर्धे पेले तिच्या हातात होते, आणि चिमणीचा पेला तिने चिमणीच्या बोटांतून काढून घेतला तेव्हा चिमणीने जे भोकाड पसरलं त्याने सगळी मुलं जागी झाली. सकाळी किती जण ते पाणी प्यायले होते? नानांनी नुसते हात जोडले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मुलं दूध आणि अंगणातल्या नळाचं उकळलेलं पाणी पिऊन झोपली होती, नानांनी पेले भरले ते जेवणानंतर, हे आमच्याकडे मुलं सांभाळणाऱ्या बाईने सांगितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पाणीमावशीने अंगणातल्या त्याच पांढऱ्या नळाचं पाणी भरून आणलं, पेले घासून घेतले आणि मुलांना दिलं. पांढऱ्या पाण्यासाठी मुलं एकमेकांना ढकलत होती. दूध म्हणून!

मग तिने नानांना घेऊन टाकीचं झाकण उघडलं. खणताना मोरीचा पाइप सांध्यातून सुटला होता आणि टाकीच्या भिंतीला चीर गेली होती. नाना खाली मान घालून म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं होतं हो."

"माहितीये. आणि चांगलं केलं असं वाटलं, म्हणूनच मला सांगितलंतही. गप्प राहिला असतात तर मी चहा पिऊन गेले असते." तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढी तिखट बाई, पण त्या एका वाक्याने तिने आमच्या म्हाताऱ्याला सावरलं. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

संध्याकाळी पालक जमले. मला सोपं होतं. अंगणातला ग्लास दाखवायचा, हवा आहे म्हणायचं, सगळे खूष. पाणीमावशी कोपऱ्यात पिशवी घेऊन बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मी दोन्ही ग्लास पुढे ठेवले आणि टाकीसकट सगळं सांगितलं. चिमणीच्या हातात पेला होता हेसुद्धा.

मग चिमणीच्या आईने चिमणीला कडेवर घेतलं आणि पाणीमावशीला विचारलं, "तुम्ही परत कधी येणार?"

"टाकी रिकामी करून, घासून, चीर बुजवून, मोरी वळवून झाली की. नमुना प्रयोगशाळेत पाठवेन. जंतूंचा अहवाल यायला वेळ लागतो, तोवर टाकीचं पाणी तोंडात नाही."

"ठीक आहे. तोवर आमची पोरं आपापल्या बाटल्या आणतील," चिमणीची आई म्हणाली आणि निघून गेली. येणार की नाही, हे काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. चिमणीच्या गळ्यात तिच्याएवढीच बाटली होती. बाकीचीही आली, बाटल्या घेऊन. मी एका मुलालाही मुकले नाही, पण त्या बाटल्या दिवसभर खुंटीवर लटकताना बघाव्या लागायच्या. काम करणाऱ्या माणसाला आपल्यावरचा गेलेला विश्वास रोज असा टांगलेला दिसू नये.

टाकीचं काम झालं. पाणीमावशी नमुना घेऊन गेली, आणि अहवाल आला तेव्हा सुट्टी असूनही स्वतः सांगायला आली. दोन्ही नळांचं पाणी तिने आमच्यासमोर ग्लासात धरलं, गोळ्या टाकल्या, दोन्ही ग्लास गुलाबी झाले. त्या दिवशी तिने पहिल्यांदा चहा घेतला, आणि नानांच्या गुडघ्यांची उरलेली कहाणीही पूर्ण ऐकली.

पुढच्या सकाळी मी फाटकात उभी होते. चिमणीची आई नेहमीसारखी घाईत. तिने चिमणीला खाली उतरवलं, कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली, "येते ताई" म्हणाली आणि वळली. मी सवयीने बाटली काढून खुंटीवर लावायला गेले.

चिमणीच्या गळ्यात बाटली नव्हती, पिशवीतही नव्हती. विसरली असेल म्हणून मी हाक मारली, "अहो, हिची पाण्याची बाटली?"

ती रस्त्यावरूनच म्हणाली, "तुमच्याकडे पाणी आहे ना?"