उंटांना लायसन

आठवीत शाळा सुटली, लग्नानंतर लातूरकडून भोरला आले. इथं माझं कुणी नव्हतं. एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे चालवणाऱ्या आपा नावाच्या बाईंनी मला कामाला ठेवलं, टायपिंग शिकवलं. ते मी अजून विसरले नाही. गावोगावची माणसं यायची, बोलायची, आणि मी त्यांचं मराठी इंग्रजी अक्षरांत परदेशातल्या पोरांना पाठवायचे. चुकीचं काही जाईल या धास्तीनं प्रत्येक मेल दोनदा वाचून दाखवायचे.

एकदा मार्गासनी गावचे, नेहमी येणारे एक काका आले. त्यांचा मुलगा आखातात ड्रायव्हर. पुण्यातल्या पुतण्यानं त्यांना एक छापलेला कागद दिला होता. कुणीतरी पुढं ढकललेला मेल. इंग्रजीत मथळा आणि खाली दोन ओळी: परदेशी ड्रायव्हर महिनाअखेर काढणार, राहतील त्यांना तुरुंग.

"लिही पोरी," काका म्हणाले. "आजच काम सोड, पोलिसांनी धरायच्या आत घरी ये."

करार अर्धवट टाकला तर त्याला पुन्हा तिकडं कुणी नेणार नव्हतं. हे काकांनीच मला मागं सांगितलेलं. लिहून झालं, पण पाठवायला हात धजेना. मी आपांना हाक मारली.

आपांनी कागद उलटसुलट पाहिला. "वर्तमानपत्राचं नाव कुठाय? तारीख?" दोन्ही नव्हतं. त्यांनी मथळा जसाच्या तसा इंटरनेटवर शोधला. तीच बातमी निघाली, पण पूर्ण. तिसऱ्या ओळीपासून पुढं ड्रायव्हरांच्या जागी उंटांना लायसन मिळणार होतं, आणि उंटांच्या संघटनेनं एसी गाड्या मागितल्या होत्या. शेजारी दुसरी बातमी: चंद्रावर पार्किंग महागलं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, इथलं सगळं थट्टेसाठी रचलेलं आहे असं लिहिलं होतं.

"पुतण्याच्या कागदावर हे न्हाई," काका म्हणाले.

"ढकलणाऱ्यानं वरचं तेवढंच उचललं, काका," आपा म्हणाल्या.

"छापल्यालं हाय की पण."

"छापायला काय, आमचं मशीन पण छापतंय."

तरी आपांनी तिकडची दोन वर्तमानपत्रं आणि मुंबईचं एक उघडून बघितलं. "एवढ्या ड्रायव्हरांना काढणार असते तर ह्यांनी पहिल्या पानावर घेतलं असतं. एकात पण न्हाई."

काकांनी पडद्याच्या तळाशी बोट टेकवलं. "थट्टा करायची तर वरच सांगावं माणसानं. तळाला कोण बघतंय?"

"वर सांगितलं तर थट्टा कसली?" आपा म्हणाल्या.

मी आधीचा मजकूर पुसला. काकांनी नवा सांगितला: काम सोडू नको. तिकडं उंट गाडी चालवतात का, तेवढं कळव.

पुढच्या बाजाराला काका आले, तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. मी वाचून दाखवलं: "नोकरी आहे. उंट गाडी चालवत नाहीत, कधीकधी शेठचा पोरगा चालवतो. त्यापेक्षा उंट बरा."

"परत वाच," काका म्हणाले.