नऊ नंबरची मागणी

आमच्या शिक्रापूरच्या शेडमध्ये दोनच माणसं कधी चुकत नाहीत, असं मी सांगत फिरायचो. एक मी आणि दुसरे कासममामा. त्यातलं निम्मं खरं निघालं.

कासममामा आमच्याकडे टेस्टिंगला आहेत. वय पंचावन्न, खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. त्याआधी वीस वर्षं हायवेला त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आलेल्या प्रत्येक मोटरीला ते तारेनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे. मोटर कुणाची, तक्रार काय, आत काय बदललं, चालवून बघितली का. मालकानं स्वतः बटण दाबून ‘व्हय, झालं’ म्हटल्याशिवाय ती चिठ्ठी सुटायची नाही. रस्तारुंदीत दुकान गेलं आणि मामा आमच्याकडे आले.

मी इंद्रजीत. पुण्याला शिकलोय, हे मी न विचारताच सांगतो. आम्ही मोटरीचे कंट्रोल पॅनल बनवतो, आणि माझ्या ताब्यात असतं ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स. नाव भारदस्त, काम साधं. गिऱ्हाइकाची प्रत्येक मागणी एका ओळीत लिहायची. तिच्यापुढं ती डिझाइनमध्ये कुठं बसली, कुठल्या टेस्टनं तपासली आणि कुठल्या डिलिव्हरीत गेली, ते भरायचं. ओळ पूर्ण झाली की शेवटचा रकाना हिरवा. मला त्या हिरव्याचं फार वेड. शेतात कधी काही उगवलं नाही माझ्या हातनं, म्हणून एक्सेलमध्ये उगवायचो.

यंदा दौंडच्या एका कारखानदाराचं काम आलं, कडबा कुट्टीच्या, म्हणजे चारा कापायच्या मशीनचं पॅनल. तीस मागण्या होत्या. पहिलं पॅनल ट्रायलला द्यायचं होतं, ते मी केंदूरला माझ्या आत्याकडे, कस्तुराबाईंकडे बसवायचं ठरवलं. पाच जनावरं, रोज दोन वेळा कुट्टी. आत्यानं भाकरी वाढता वाढता एक मागणी घातली.

“लाईट गेली की चारा मधीच अडकतो. मी हात घालून काढती. तवा लाईट आली तर मशीन आपलं आपण सुरू व्हायला न्हाई पायजे. मी बटण दाबीन तवाच.”

मी लगेच वही काढली. ऑफिसात येऊन ते शुद्ध मराठीत टाइप केलं, ‘पुरवठा पूर्ववत झाल्यावर मोटर स्वयंचलितपणे सुरू होणार नाही,’ आणि स्वतःवरच खूश झालो. आठवी मागणी होती ‘लाईट गेल्यावर मोटर थांबावी’. आत्याची तिच्याच शेजारी शोभेल म्हणून मी आठच्या खाली घुसवली. नंबर मागंपुढं झाले, ते बरं दिसेना. एकदा माऊस धरून ओढला, एक ते एकतीस ओळीनं उभे. नंबर आणि मजकूर तेवढे एक घर खाली सरकले. डिझाइन, टेस्ट, डिलिव्हरी हे रकाने जागच्या जागी राहिले. हे मला दिसलं नाही. मला हिरवं दिसत होतं.

तळाशी एकतीस नंबरपुढचे रकाने मात्र रिकामे राहिले. मला त्यातला टेस्टचाच दिसला. मामांचाच विसरभोळा कारभार, असं मी मनात म्हटलं. ट्रायलचं पॅनल केंदूरला जाऊन पंधरा दिवस झाले होते. बाकीची चाळीस गुरुवारी दौंडला निघायची होती. बुधवारी सकाळी मी मॅट्रिक्सचा प्रिंट मामांच्या टेबलावर ठेवला.

“मामा, एकतीस राहिलीय तुमची. पाणी मारून लेबल पुसतंय का बघायचं. करा आन् सही द्या.”

मामांनी स्टीलची पट्टी ओळीवर ठेवली. “हे तर मी मागल्या महिन्यात केलंय. तीस नंबरची टेस्ट. मग ती तिसाव्या मागणीपुढं काय करती? तिथं तर ओव्हरलोडचं लिहिलंय.”

“मामा, सगळं हिरवं आहे ना? मग कशाला खुसपट काढताय? गाडी उद्या लागणार आहे.”

“हिरवं तर गाजर गवत बी असतं, साहेब.”

मी चिडलो. खरंच चिडलो, आवाजही चढला. मामा पट्टी एकेक ओळ वर सरकवत राहिले, टेस्टची फाइल शेजारी उघडून. एकोणतीस, अठ्ठावीस, सगळ्या एका घरानं चुकलेल्या. नवव्या ओळीवर पट्टी थांबली. आत्याच्या मागणीपुढं टेस्ट होती, ‘दार उघडल्यावर मोटर थांबते का’. आठव्यापासून वर सगळं बरोबर होतं.

“ही मागणी मी कवाच तपासली न्हाई,” मामा म्हणाले. “डिझाइनमधी तरी हाय का?”

डिझाइनमध्येही तिच्यापुढं दाराचंच कलम होतं. मामांनी पॅनल टेबलावर जोडलं, मोटरीच्या जागी बल्ब लावला. बटण दाबलं, बल्ब लागला. मेन काढला, विझला. मेन दिला. कुणी बटणाला हात लावला नव्हता, आणि बल्ब लागला.

याचं कारण मला तिथंच समजलं. पॅनलचा प्रोग्रॅम आम्ही आमच्याच विहिरीच्या पंपाच्या पॅनलवरून उचलला होता. पंपाला ऑटो लागतोच, लाईट आली की मोटर सुरू. तो ऑटो तसाच कुट्टीत आला होता. आणि तसलंच एक पॅनल केंदूरच्या गोठ्यात होतं.

आत्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, परत नाही. मामांनी हेल्मेट घेतलं. “चला. फोन काय लावत बसलाय!” सगळा रस्ता मला आत्याचे हात दिसत होते, भाकरी थापणारे. मी देवाला म्हटलं, माझं प्रमोशन ने, पण तेवढे हात ठेव.

गोठ्यात पोचलो तर लाईट गेलेली, आणि आत्या मशीनच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून चारा ओढत होती.

“आत्या, हात काढ!” मी ओरडलो.

आत्यानं सावकाश हात काढला, पदराला पुसला. “का रं? मेन स्विच खाली हाय की. त्यो बघ.”

भिंतीवरचा खटका खरंच खाली होता. मी तिथंच चाऱ्याच्या भाऱ्यावर बसलो.

“तुझं पॅनल बसवलं त्याच संध्याकाळी लाईट जाऊन आली,” आत्या म्हणाली, “आन् मशीन आपलं आपण फिराया लागलं. मी लांब होते म्हणून बरं. तवापासून खटका पाडल्याबिगर हात घालत न्हाई.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं व्हतं की! भाकरी खाताना. तू लिहून बी घेतलंस.”

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. एवढी दया त्यांनी केली.

ट्रायलचं पॅनल आम्ही तिथल्या तिथं उतरवून आणलं. दौंडला मीच फोन करून सांगितलं की गाडी येणार नाही आणि चूक माझी आहे. शिव्या मीच खाल्ल्या. जुन्या तीस मागण्यांना आपापले नंबर परत दिले, आणि आत्याच्या मागणीला शेवटचा, एकतीस. दिलेला नंबर परत हलवायचा नाही. “चिठ्ठी बदलली की मोटर दुसऱ्याच्या घरी जाती,” मामा म्हणाले. मग डिझाइनमध्ये नवं कलम आलं, प्रोग्रॅम बदलला, आणि मामांनी नवी टेस्ट लिहिली. मेन काढा, मेन द्या, दहा वेळा, बल्ब लागता कामा नये. लागला नाही. झालेल्या बाकीच्या टेस्टही त्यांनी बदललेल्या प्रोग्रॅमवर पुन्हा घेतल्या. मी शेजारी उभा राहून पेन्सिली टोकदार करत होतो.

तरी एकतीसचा रकाना मामांनी हिरवा करू दिला नाही. नवं पॅनल घेऊन केंदूरला गेलो. मामांनी मशीन सुरू केलं, खटका पाडला, वर केला. मशीन गप्प. आत्यानं बटण दाबलं, तेव्हा फिरलं.

“व्हय, झालं,” आत्या म्हणाली. मामांनी प्रिंट पुढं केला, तिनं एकतीसच्या ओळीत सही केली. मला भरून आलं. मी म्हटलं, “आत्या, आता बिनघोर हात घाल.”

“घालीन की,” आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे बघत भिंतीवरचा खटका खाली पाडला.