न दिसणारा पोर्ट

कारखाना बंद झाला तेव्हापासून आमचे हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. सात महिने झाले. बावीस वर्षं मीटर आणि सेन्सर दुरुस्त करणारा माणूस आता घरातला दिवा गेला तरी उठत नाही. मी आधी रडले, मग भांडले. आता काहीच वाटत नाही. दोन वेळा ताट ठेवते आणि उचलते.

मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. दरवर्षी तीस संगणकांवर अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाचे प्रोग्राम लिहायचा एडिटर आणि संगणकाला तो बोर्ड ओळखता यावा म्हणून लागणारा ड्रायव्हर मीच टाकते. डोळे मिटूनही टाकेन. तरी त्या रविवारी एक स्वस्तातला बोर्ड घरी आणला, आमच्या संगणकावरचा ड्रायव्हर काढून टाकला, तो आपोआप परत उतरू नये म्हणून इंटरनेट बंद केलं आणि यांच्या पलंगाशेजारी टेबल ओढून बसले. हे उठले तर उठले. नाही उठले तर पुढे काय, ते मला सुचत नव्हतं.

पेनड्राइव्हवरून एडिटर टाकला. बोर्ड जोडला. बोर्डावरचा दिवा लागला, पण एडिटरच्या टूल्स मेनूत पोर्टची ओळ फिकटच राहिली, म्हणजे संगणकाला बोर्ड दिसतच नव्हता.

"पोर्ट येत नाहीये," मी भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

मी केबल काढली, लावली, काढली, लावली. चौथ्यांदा पलंगावरून आवाज आला.

"चार्जिंगची केबल असेल. नुसता करंट जातो तिच्यातून."

"नाही हो, मोबाईलचे फोटो संगणकावर हिनेच घेते मी."

"डिव्हाइस मॅनेजर बघ."

"पिवळा त्रिकोण आहे. म्हणजे काय?"

हे उठून बसले. पाय खाली सोडले, चष्मा शोधला, माझ्या हातातून बोर्ड घेतला आणि यूएसबीच्या तोंडाजवळची बारकी चिप डोळ्यांजवळ धरली. नखं वाढली होती त्यांची.

"सीएच३४०. हिचा ड्रायव्हर वेगळा लागतो. नेट चालू कर."

खुर्ची मी सोडली. त्यांनी चिप बनवणाऱ्यांच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून टाकला, केबल काढून पुन्हा लावली. त्रिकोण गेला, पोर्टच्या ओळीत कॉम ५ आला. बोर्ड निवडला, पोर्ट निवडला, दिवा लुकलुकवणारा तयार प्रोग्राम चढवला. दिवा सेकंदाला लागायचा, सेकंदाला विझायचा. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

"झालं," असं म्हणून ते परत आडवे झाले. तोंड भिंतीकडे.

मी केबल गुंडाळू लागले.

"तीस मशीनवर टाकतेस ना तू दरवर्षी?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "हो," मी म्हटलं.

ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले,

"उद्या जरा अवघड काहीतरी बिघडव."