उन्हात कोण घालतं

यवतमाळच्या बसस्थानकाजवळ एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर ती मुलाखत होती. फवारणीचं संरक्षण किट बनवणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीला जिल्ह्यासाठी विक्री प्रतिनिधी हवा होता. कृषी केंद्रांत फिरायचं, दुकानदारांना किट दाखवायचं, मागणी घ्यायची, असं काम. बोंडअळी आणि फवारणीतल्या विषबाधांच्या सालानंतरचा उन्हाळा होता. पेरणीआधी माणसं नेमायची कंपनीला घाई होती.

मुलाखत घेणारे अनिमेष सर स्वतःच दुकानदार होऊन टेबलामागे बसले होते. समोर आर्णी रस्त्यावरच्या खेड्यातली खुशी, बीएस्सी झालेली, कपाशीच्या घरातली. तिनं किट उघडलं. एप्रन, हातमोजे, चष्मा, मास्क. कापड कसं, धुतात कसं, हे तिनं नीट सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागं रेलत दुकानदाराच्या थाटात म्हणाले, "मॅडम, उन्हात कोण घालते हे? जीव गुदमरते. मागच्या साली ठेवलेला माल तसाच पडून हाय माझ्या दुकानात."

खुशी थबकली. मग भरभर बोलत सुटली. नाही घातलं तर विषबाधा होते, माणसं मरतात, निष्काळजीपणा करून कसं चालेल, शेतकऱ्यांना आपल्या जिवाची किंमत नाही का. बोलता बोलता तिचा आवाज चिरला.

सरांनी दुकानदारी सोडली. "तुम्ही माझ्यावर रागावलात," ते शांतपणे म्हणाले. "मी म्हटलं, गरम होतं. तुम्ही म्हटलं, मराल. माझ्या म्हणण्याला उत्तर मिळालंच नाही." मग त्यांनी सगळ्याच उमेदवारांना सांगितलं तेच तिला सांगितलं. हाच आक्षेप पुढच्या वेळी आला तर काय कराल, ते उद्या संध्याकाळपर्यंत एका पानात लिहून ईमेल करा. निवड त्यावरही ठरेल.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं होती. सरांचा आक्षेप तिला नवा नव्हता. तो कपिलचा होता. तिचा मोठा भाऊ. असंच मागं रेलून, असंच हसत, तो ओसरीवर म्हणाला होता, "उन्हात कोण घालते ते, खुशे? तू घालून पाय बरं एकदा." आणि तिनं त्यालाही हेच सुनावलं होतं. विषबाधा, निष्काळजीपणा. तोंडाला रुमाल बांधून तो रानात गेला होता.

किट घरात होतं. कृषी खात्याच्या शिबिरातून तिनंच ते आणलं होतं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा अंगावरच पडत होता. भर दुपारी पंप पाठीवर घेतलेला कपिल दिवेलागणीला घरी आला तेव्हा डोळ्यांपुढं धूसर दिसतं म्हणाला. मग उलट्या. यवतमाळच्या दवाखान्यात तो चार दिवस होता. तिथून तो घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशीनं लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात कपिल आला. त्याचं नाव, त्याचं वय, रुमाल. वाचलं तेव्हा तिला वाटलं, हे वाचून नोकरी मिळेलही. पण सर पुन्हा तेच म्हणतील, माझ्या म्हणण्याला उत्तर कुठाय? आणि दयेवर किट विकलं जात नाही, एवढं तिला कालच कळलं होतं. तिनं सगळं पुसलं.

मग तिनं एक गोष्ट केली, जी तिनं आधीच करायला हवी होती. कपाटावरचं किट काढलं, सगळं अंगावर चढवलं, पंपात नुसतं पाणी भरलं आणि बाराच्या उन्हात परसात चालत राहिली. चष्म्यावर लगेच वाफ धरली. एप्रनखाली घाम पाझरू लागला. थोड्या वेळानं तिला समोरचा निंबही नीट दिसेना. आई, लीलाबाई, दारातून बघत होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या ओट्यावर आणून ठेवला.

संध्याकाळी खुशीनं पाठवलेलं पान असं होतं:

"नमस्कार सर. काल आपण वेळ दिलात, आभारी आहे. आपला आक्षेप होता, उन्हात हे कोणी घालत नाही आणि माल पडून राहतो. मी भीती घातली. ते चुकलं.

पुढच्या वेळी मी आधी म्हणेन, खरं आहे, गरम होतं. मी घालून पाहिलं आहे. मग विचारेन, गिऱ्हाईक परत येऊन काय सांगतं? गरम होतं, चष्म्यावर वाफ धरते, की माप बसत नाही? आणि तुमच्याकडून घेणारा एक आणि घालणारा दुसरा असं आहे का? मालक घेतो आणि फवारतो मजूर, असं असेल तर घालणाऱ्याला दुकानात बोलवा म्हणेन. एक किट उघडून त्याच्या अंगावर घालून पाहू.

उन्हाला उत्तर किटमध्ये नाही, वेळेत आहे. फवारणी सकाळी लवकर, वारा पाठीशी घेऊन, आणि ऊन चढलं की बंद. औषध कालवताना ते सगळ्यात तीव्र असतं, तेव्हा मोजे आणि चष्मा सोडायचाच नाही. भर दुपारी हे घालून फवारा, असं मी कोणाला सांगणार नाही.

पडून राहिलेल्या मालाची भीती राहील. त्यासाठी थोडेच किट ठेवा, उरले तर परत नेते, असं म्हणावंसं वाटतं. पण कंपनीला विचारल्याशिवाय तो शब्द देणार नाही. विचारून दोन दिवसांत कळवते, एवढंच म्हणेन आणि कळवीन."

कपिलचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. निवड झाली होती, सोमवारपासून प्रशिक्षण. माल परत घेण्याचं वरिष्ठांशी बोलतो म्हणाले. मग सहज विचारलं, की घालणारा वेगळा, घेणारा वेगळा, हे कुठून सुचलं. घरी पाहिलं आहे, एवढंच ती म्हणाली.

लीलाबाई सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. खुशीनं जवळ बसून सांगितलं. आईचा हात थांबला नाही.

"म्हणजे दुकानोदुकानी जाशीन. अन् लोकं रोज तेच म्हनतीन तुले."

"हो."

"अन् तू काय म्हनशीन?"

"पहिले खरं हाय म्हणीन. मग पुढचं."

लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"त्याले कोनी तसं म्हटलंच नाही वं," त्या म्हणाल्या. "आपन सारे त्याच्याशी भांडलो."

खुशीनं सूप स्वतःकडे ओढून घेतलं आणि उरलेली डाळ निवडायला लागली.