एकशेवीस नग तयार नाहीत

नगरच्या एमआयडीसीत पंपाच्या ओतीव बॉडी बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी चार वर्षं परदेशी गिऱ्हाइकांना ई-मेल लिहिले. कंत्राटी नोकरी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्या कागदावर सही करायची. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मालक म्हणाले, "ताई, तुर्कस्तानची ऑर्डर पुढच्या वर्षासाठी परत आली ना, की तुम्हाला पर्मनंट करून टाकतो." मी तो शब्द पदरात बांधला आणि केडगावहून रोज स्कूटीवर वेळेच्या आधी पोचू लागले.

माझं शिक्षण नेवासे तालुक्यातल्या मराठी शाळेतलं. इंग्रजी बेताचंच, आणि कारखान्याला त्याचाच उपयोग झाला. कारण आमच्या गिऱ्हाइकांत इंग्रज एकही नव्हता. तुर्कस्तानातल्या कंपनीची खरेदी बघणारी बाई, व्हिएतनाममधले एक गृहस्थ, पोलंडमधले दोघे. सगळे आमचे मेल भाषांतराच्या यंत्रात टाकून वाचायचे. सुरुवातीला मीही सगळे लिहितात तसंच लिहायचे, 'काइंडली डू द नीडफुल', म्हणजे 'कृपया आवश्यक ते करावे.' तुर्की बाईनं एकदा व्हिडिओ कॉलवर फार गंभीरपणे विचारलं, नीडफुल हा तुमच्या यादीतला नवा माल आहे का? त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

मग मी माझी पद्धत बसवली. एका मेलमध्ये एकच काम. वर विषयात ऑर्डरचा नंबर. वाईट बातमी असली तर ती पहिल्या ओळीत. तारीख लिहिताना महिना अक्षरात, म्हणजे सहा-सात की सात-सहा हा घोळ नको. मालाला एकदा 'पार्ट्स' म्हटलं की शेवटपर्यंत 'पार्ट्स'च. मध्येच 'गुड्स' आणि पुढं 'मटेरियल' म्हटलं की समोरच्याला वाटतं तीन वेगळ्या वस्तू आहेत. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर 'ए' किंवा 'बी' एवढंच देता येईल. त्या बाईची उत्तरं पाच मिनिटांत यायची. आमच्या दोघींचं छान जमलं होतं, आणि दोघींनाही इंग्रजी येत नव्हतं.

मालकांना मात्र हे मेल बघून लाज वाटायची. "ही काय किराण्याची यादी आहे का?" म्हणायचे. त्यांचा मुलगा पुण्यात शिकला होता, व्याही अमेरिकेत जाऊन आले होते, आणि आपल्या कंपनीच्या नावानं चार चार शब्दांची वाक्यं जगभर फिरतात हे त्यांच्या जिवाला लागलं. म्हणून त्यांनी एक निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक आणले. आठवड्यातून तीन दिवस, केबिनमध्ये एसीखाली. सरांनी पहिल्याच दिवशी माझे जुने मेल लाल पेनानं तपासले. एका मेलखाली लिहिलं, 'भाव नाही.' आता पंपाच्या बॉडीबद्दल मनात कुठला भाव आणायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

सर वाईट नव्हते. चहा आला की आधी मला विचारायचे. पण त्यांना साधं 'उशीर होईल' लिहिता येत नव्हतं. त्यांच्या पेनातून उशीर कधी उशीर म्हणून बाहेरच पडायचा नाही. तो 'अपरिहार्य परिस्थितीमुळं उद्भवलेलं किंचित पुनर्नियोजन' होऊन निघायचा. आणि मालक ते वाचून मान डोलवायचे, कीर्तन ऐकल्यासारखी.

जूनमध्ये भट्टी बिघडली. तुर्कस्तानचे पाचशे नग जायचे होते. ओतकामाच्या शॉपचे सुपरवायझर घोडेगावकडचे, ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तीनशेऐंशी रेडी हायत. एकशेवीस न्हाई व्हनार. पंधरा दिस लागत्यात." इतकं स्वच्छ बोलले. मी त्यांचंच वाक्य इंग्रजीत घातलं असतं तर मेल तयार होता. पण तोवर हुकूम निघाला होता, तुर्कस्तानचे मेल सरच लिहितील.

विचारायचं होतं एवढंच: तीनशेऐंशी आता पाठवू आणि बाकीचे मागून, की सगळे पाचशे पंधरा दिवसांनी एकदम? ट्रक बुधवारी संध्याकाळी बंदराकडे निघणार होता. सरांनी दीड पान लिहिलं. पहिल्या परिच्छेदात आभार. दुसऱ्यात दोन्ही कंपन्यांचा स्नेह. तिसऱ्यात आमच्याकडचा उन्हाळा. चौथ्याच्या पोटात कुठंतरी असं होतं, की परिस्थितीचा विचार करता टप्प्याटप्प्यानं पाठवणीचा पर्याय विचारात घेणं अगदीच अप्रस्तुत ठरू नये, अर्थात आपली पसंती अन्यथा नसल्यास. एकशेवीस हा आकडा दीड पानात कुठंच नव्हता. मी तो घालायला सांगितला, तर मालक म्हणाले, "तोंडावर असं 'नाही' म्हणायची आपली पद्धत नाही ताई. गिऱ्हाईक दुखावतं."

सोमवारी तिकडून उत्तर आलं. 'छान पत्राबद्दल आभार. ओके. आम्ही पार्ट्सची वाट बघतो.'

मालक हरखले. "बघा, किती खूश झाली बाई! थांबायला तयार आहे. सगळे पाचशे एकदमच पाठवू. बुधवारचा ट्रक रद्द करा." सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भाषेचा परिणाम असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, विचारलं होतं हे की ते, आणि ती म्हणते 'ओके'. हे की ते याला ओके हे उत्तर असतं होय? तिला प्रश्न दिसलाच नव्हता. ती ठरल्या तारखेच्या पाचशे नगांची वाट बघत होती. मी हे केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मालक म्हणाले, "तुम्ही नसत्या शंका काढू नका. आता तिला परत मेल करायचा नाही, आपल्याला समजलं नाही असं दिसेल."

मंगळवारी दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. ऑर्डर गेली तर माझं पर्मनंट होणं गेलं. आणि हुकूम मोडला तरी गेलंच. दोन्हीकडून माझीच मान सापडली होती. बुधवारी सकाळी आल्या आल्या मी माझ्या जुन्या पद्धतीनं मेल लिहिला:

'तीनशेऐंशी पार्ट्स तयार आहेत. एकशेवीस पार्ट्स तयार नाहीत. कारण भट्टी बिघडली. ए: तीनशेऐंशी आज पाठवतो, एकशेवीस पंधरा दिवसांनी. बी: पाचशे पंधरा दिवसांनी. आज आमच्या दुपारी दोनपर्यंत, म्हणजे तुमच्या सकाळी साडेअकरापर्यंत, ए किंवा बी लिहा.'

आणि पाठवण्याचं बटण दाबलं.

तिच्या कचेरीत माणसं येण्याची वेळ झाली आणि उत्तर आलं. 'ए. कृपया आज. पार्ट्स नाहीत तर आमचं काम बंद पडेल. पहिल्या पत्रात हे होतं का? मी तीन वेळा वाचलं.'

मी तो मेल छापून केबिनमध्ये नेला. मालकांनी वाचला. मला वाटलं होतं, आता बोलणी खाणार. पण त्यांनी कागद उलटा ठेवला आणि फोन उचलून ट्रक परत बोलावला. सर म्हणाले, "तिला इंग्रजी कमी समजतं." मी म्हणाले, "हो सर, मलाही."

तीनशेऐंशी नग त्या संध्याकाळी गेले. एकशेवीस पंधरा दिवसांनी गेले. आणि दिवाळीच्या आधी पुढच्या वर्षाची ऑर्डर आली, आधीपेक्षा मोठी. खाली त्या बाईनं एक अट घातली होती: मेल छोटे असावेत.

त्यावर कारखान्यात काय झालं असेल? सर्वांसाठी 'सोपं इंग्रजी' या विषयावर एक व्याख्यान झालं. दिलं सरांनी. माझे मेल पडद्यावर दाखवले, माझं नाव काढून. सुपरवायझर माझ्याकडं वाकून म्हणाले, "ताई, हे तर तुमचंच हाय की." मी म्हटलं, गप बसा, लक्ष द्या, शिकून घ्या.

मला त्याचंही एवढं वाटलं नाही. माझं लक्ष पर्मनंट केल्याच्या पत्राकडं होतं. ते आठ दिवसांनी आलं, जाड कागदावर, सरांच्या इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात माझ्या सेवेचा गौरव. दुसऱ्यात कंपनी म्हणजे कुटुंब. तिसरा मी चार वेळा वाचला आणि मला काही केल्या कळेना की मी पर्मनंट झाले की नाही. शेवटी तो फोनवरच्या भाषांतराच्या यंत्रात टाकला. यंत्र म्हणालं, 'यथाकाल परिपूर्णतेत आपला अनुकूल विचार होण्याची शक्यता नाकारता येणार नाही.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी समजत होते, ही माणसं हौसेनं असं लिहितात. हौस कसली डोंबलाची. त्यांना 'नाही' म्हणायचं असतं आणि म्हटल्याचं पाप नको असतं, म्हणून लिहितात.

मी जागेवर बसूनच मालकांना मेल केला. 'मी पर्मनंट आहे का? ए: आहे. बी: नाही. कृपया शुक्रवारपर्यंत लिहा.'

त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सरही होते. मालक बाजाराची स्थिती, कामगार कायदा, त्यांच्या मनात माझ्याबद्दल असलेला आदर, असं बरंच बोलले. मी उभीच होते. त्यांचं संपल्यावर मी म्हणाले, "साहेब, ए की बी?"

त्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी चहाच्या कपाकडं. मग मालक म्हणाले, "बी. यंदा तरी."

मी बाहेर येऊन राजीनामा लिहिला. 'मी तीस नोव्हेंबरपर्यंत कामावर आहे. एक डिसेंबरपासून नाही.' खाली सही.

मालकांनी तो उलटून पालटून पाहिला. "चार वर्षं काम केलंत, निदान 'अत्यंत दुःखानं' एवढं तरी घालायचं होतं," म्हणाले.

"दुःख झालं नाही साहेब, म्हणून घातलं नाही," मी म्हणाले.

त्या कारखान्यात मी खोटं असं तेवढंच बोलले. दुःख झालं होतं, लई झालं होतं. पण ते त्यांना कशाला सांगायचं?