पन्नासच्या पुढे, पंच्याण्णवच्याही पुढे

एप्रिलमधला सोमवार, प्रश्न पाच गुणांचा, हजर आम्ही दोघे: मी आणि पातूरच्या कॉलेजातल्या मॅडम. अमरावतीच्या तपासणी केंद्रात त्या मॉडरेटर होत्या. म्हणजे मी तपासलेल्या पेपरांपैकी काही पुन्हा पाहून सही करायच्या.

(3n+2)/(2n−5) ही क्रमिका 3/2 कडे जाते, हे एप्सिलॉनच्या व्याख्येने सिद्ध करायचे होते. एप्सिलॉन कितीही लहान दिला, तरी असा N दाखवायचा की त्याच्यापुढचे प्रत्येक पद 3/2 पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहील. n तीन किंवा जास्त असला की हे अंतर 19/(4n−10) येते. त्यावरून मी नेमका हिशेब केला होता: एप्सिलॉन 0.1 असेल तर n पन्नासच्या पुढे हवा. प्रत्येक पेपरातल्या N च्या सूत्रात 0.1 घालून मी उत्तर पन्नासशी ताडून बघत असे. सकाळपासून साठेक पेपर तसेच तपासले.

मॅडमनी एक पेपर माझ्यापुढे सरकवला.

"सर, याचे तीन गुण काहून कापले?"

"त्याचा N पंच्याण्णव येतो. पन्नास पाहिजे."

"पन्नासच पाहिजे असं प्रश्नात कुठं लिवलं हाय?"

मुलाने लिहिले होते: n पाच किंवा जास्त असेल तर 4n−10 हे 2n पेक्षा कमी नसते, म्हणून अंतर 19/(2n) च्या वर जात नाही; N म्हणून 5 आणि 19/(2ε) यांतला मोठा घ्या. मी ओळी पुन्हा वाचल्या. चूक नव्हती. N सर्वांत लहान असावा, असे व्याख्या म्हणत नाही.

"आन् हा दुसरा," त्या म्हणाल्या, "याले चार देऊन बसले तुमी."

दुसऱ्याचा N साडेसत्तेचाळीस येत होता. पन्नासच्या जवळ, म्हणून चार. त्याने 4n−10 मधले दहा सोडून अंतर 19/(4n) पेक्षा कमी धरले होते. छेद मोठा केला की अपूर्णांक लहान होतो. असमता उलटी पडली होती. मी n = 48 घातला: 19/182, म्हणजे 0.104.

"बसला का तुमच्या 0.1 मधी?"

"नाही."

"जवळचं ते बरोबर, असं भाजीबाजारात चालते, सर."

पहिल्याच्या एकूण गुणांकडे तेव्हा माझे लक्ष गेले. ऐंशीपैकी तीस. पास व्हायला बत्तीस लागत होते.

"गठ्ठा पुन्हा काढतो," मी म्हणालो.

"काढाच. मी चहा सांगते."

सगळे पेपर पुन्हा पाहिले. नऊ ठिकाणी आकडे बदलले, प्रत्येक बदलाशेजारी दोघांच्या सह्या. आमची अकोल्याची पाचची गाडी त्यात चुकली. दुसऱ्याचे दोन गुण कमी झाले. त्याचे एकेचाळीसचे एकोणचाळीस झाले. पहिल्याला त्या प्रश्नाचे पाचपैकी पाच मिळाले, एकूण तेहतीस.